6 गिगाहर्ट्झचं वाय-फाय: आधी भिंती मोजा, मग राउटर घ्या

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिन्या-दोन महिन्यांनी एक ठरलेला मेसेज पडतो: "नवा भारीतला राउटर घेतला. हॉलमध्ये 6 गिगाहर्ट्झ दिसतं, बेडरूममध्ये गायब. पीस खराब आहे का?" पीस खराब नसतो. कामाचा क्रम उलटा झालेला असतो. राउटर आधी येतो, तो जुन्याच जागी ठेवला जातो, मोबाइलवर स्पीड टेस्ट होते, आकडा पूर्वीइतकाच येतो आणि मग चिडचिड सुरू होते.

6 गिगाहर्ट्झ हा 2.4 आणि 5 नंतर आलेला वाय-फायचा नवा बँड, म्हणजे लहरींचा पट्टा. तो मुळात खोलीचा आहे, घराचा नाही. एवढं धरून चाललात तर पुढचे निर्णय सोपे जातात. खाली दिलेला क्रम मी स्वतःच्या आणि शेजारपाजारच्या घरांत वापरलेला आहे. पहिले दोन टप्पे एकही रुपया खर्च न करता होतात, तिसऱ्यात थोडाफार केबल-जोडणीचा खर्च येतो, आणि निम्म्या लोकांचं काम तिथेच संपतं.

## टप्पा 1: आपल्याला गरज आहे का, ते कागदावर ठरवा

तीन गोष्टी लिहून काढा.

पहिली, इंटरनेटचा प्लॅन किती एमबीपीएसचा आहे. 100, 200 किंवा 300 चा असेल, तर तो वेग एका खोलीत 5 गिगाहर्ट्झवर आरामात मिळतो. नव्या बँडने तो आकडा वाढणार नाही, कारण अडथळा वाय-फायचा नाहीच, प्लॅनचा आहे. टाकीतून येणारा पाइप अर्ध्या इंचाचा असताना बाथरूमचा नळ मोठा बसवून उपयोग काय?

दुसरी, कुठल्या उपकरणात 6 गिगाहर्ट्झचा रेडिओ आहे. खोक्यावर फक्त "वाय-फाय 6" लिहिलं असेल तर नाही. "6ई" लिहिलं असेल तर असतो. "वाय-फाय 7" असेल तर बहुधा असतो, पण इथे एक मेख आहे: स्वस्तातले काही वाय-फाय 7 राउटर फक्त 2.4 आणि 5 चे, म्हणजे दोन बँडचे असतात. नाव सातचं, पण ज्याच्यासाठी पैसे मोजले तो बँडच त्यात नाही. खोक्यावर "ट्राय-बँड" शब्द आणि 6 GHz हा आकडा, दोन्ही शोधा. (जुन्या ट्राय-बँड राउटरमध्ये दोन वेळा 5 गिगाहर्ट्झ असायचं, म्हणून नुसत्या "ट्राय-बँड"वर विसंबू नका.)

आयफोनमध्ये हा बँड 15 प्रो पासून आला. साध्या 15 मध्ये नाही. लॅपटॉपवर विंडोज 10 असेल तर वाय-फाय कार्ड कितीही नवं असलं तरी 6 गिगाहर्ट्झ दिसणार नाही, त्यासाठी विंडोज 11 लागतं. आमच्याकडे एकाने एएक्स210 हे 6ईचं कार्ड विकत आणून, लॅपटॉप उघडून, स्वतः बसवलं आणि दोन दिवस डोकं खाजवत बसला. कार्ड बरोबर होतं, विंडोज जुनं होतं.

तिसरी गोष्ट, ती उपकरणं दिवसातला बहुतेक वेळ घरात कुठे असतात. हे "सगळीकडे" असं लिहू नका. टेबल, सोफा, पलंग, असं नेमकं लिहा. पुढच्या टप्प्यात ह्याच यादीवर काम करायचं आहे.

तपासा: प्लॅन 300 च्या आत, 6 गिगाहर्ट्झचं एकच उपकरण आणि तेही मोबाइल, असा हिशेब निघाला तर इथेच थांबा. तुमच्या अडचणीचं उत्तर राउटरची जागा बदलण्यात किंवा एक केबल ओढण्यात असण्याची शक्यता जास्त आहे. टप्पा 3 तेवढा वाचा.

## टप्पा 2: भिंती ओळखा

लोकांना वाटतं की 5 वरून 6 वर गेलं की भिंत अचानक अभेद्य होते. तसं नाही. 5 आणि 6 मधला फरक थोडा आहे. मोठी दरी आहे ती 2.4 आणि 5-6 यांच्यात. भिंत कशाची आहे यावर तर सगळंच अवलंबून आहे.

सिग्नलची घट डेसिबलमध्ये, म्हणजे डीबीमध्ये मोजतात. 10 डीबी घट म्हणजे ताकदीचा दहावा हिस्सा उरला, 20 डीबी म्हणजे शंभरावा. 15 सेंटीमीटर जाडीची काँक्रीटची भिंत 2.4 गिगाहर्ट्झचे साधारण 10 डीबी खाते, आणि 6 गिगाहर्ट्झचे सुमारे 20. अशा दोन भिंती मध्ये आल्या की 6 चे 40 डीबी गेले, म्हणजे दहा हजारावा हिस्सा शिल्लक. त्याच दोन भिंतींतून 2.4 मात्र 20 डीबी गमावून निवांत पलीकडे पोचतं. जुन्या विटांची अर्ध्या विटेची, कोरडी भिंत असेल तर 6 गिगाहर्ट्झसुद्धा पाचेक डीबीत पार होतं.

म्हणून शेजारच्या जुन्या बिल्डिंगमधल्या मित्राचा अनुभव तुमच्या घराला लागू पडेलच असं नाही. पुण्या-मुंबईकडचे गेल्या काही वर्षांतले बरेच टॉवर मिवान पद्धतीने बांधलेले आहेत. त्यात ॲल्युमिनियमच्या साच्यांत स्लॅब आणि भिंती एकत्रच ओततात, त्यामुळे आतल्या भिंतीही विटांच्या नसून सळया घातलेल्या काँक्रीटच्या असतात. कॅलेंडर टांगायला खिळा मारून पाहिला असेल तर तुम्हाला हे आधीच कळलेलं आहे: खिळा वाकतो आणि हॅमर ड्रिल मागवावं लागतं. ड्रिलमधून लाल भुकटी आली तर वीट, करडी भुकटी आणि कडक भिंत असेल तर काँक्रीट. पांढरट-राखाडी भुकटी भुसभुशीत पडत असेल आणि ड्रिल लोण्यासारखं आत जात असेल तर हलक्या एएसी ब्लॉकची भिंत. ती वाय-फायला बऱ्यापैकी वाट देते. कोकणात आणि गोव्यात जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती असतात. पावसाळ्यात त्या ओल धरतात आणि ओली भिंत कोरडीपेक्षा जास्त सिग्नल खाते. तिथली चाचणी मे महिन्यात केलीत तर जुलैत पुन्हा करा.

आता फ्लॅटचा नकाशा घ्या. बिल्डरच्या ब्रोशरमधला चालेल, पेन्सिलने काढलेला तर अजून चांगला. राउटरची जागा आणि टप्पा 1 मधली प्रत्येक जागा यांच्यात पट्टीने रेघ मारा आणि रेघ किती भिंती कापते ते मोजा.

- रेघ एकही भिंत कापत नाही: 6 गिगाहर्ट्झ तिथे उत्तम चालेल.
- एक वीट किंवा ब्लॉकची भिंत: चालेल, वेग थोडा उतरेल.
- एक काँक्रीटची भिंत: जोडलं जाईल, पण 5 पेक्षा सरस ठरेलच असं नाही.
- दोन काँक्रीटच्या भिंती: विसरा.

रेघ कॉलममधून जात असेल तर तो कॉलम दोन भिंतींच्या बरोबरीचा धरा. लोखंडी कपाट, फ्रिज किंवा आरशाचं वॉर्डरोब वाटेत असेल तर तेही नकाशावर दाखवा. धातूमधून सिग्नल जात नाही, तो परत फिरतो.

लक्षात ठेवा: उघडं दार ही भिंतीतली खिडकी आहे. रेघ दारातून जात असेल तर दार उघडं आणि बंद, दोन्ही वेळा मोजायचं. लाकडी दाराने फार फरक पडत नाही.

## टप्पा 3: जागा आणि केबल, राउटरच्या आधी

बहुतेक फ्लॅटमध्ये फायबर मुख्य दाराजवळ येतं आणि इंटरनेटवाला मुलगा राउटर तिथेच, शू-रॅकच्या वर किंवा विजेच्या डिस्ट्रिब्युशन बॉक्समध्ये ठोकून जातो. त्याच्या दृष्टीने काम झालं. तुमच्या दृष्टीने ती घरातली सगळ्यात वाईट जागा असते: एका कोपऱ्यात, आणि बॉक्सचं झाकण पत्र्याचं असेल तर सिग्नल आतल्या आत कोंडलेला.

6 गिगाहर्ट्झचा फायदा हवा असेल तर राउटर जिथे काम चालतं त्या खोलीत यायला हवा. त्यासाठी फायबर हलवू नका. ते पिळलं किंवा जास्त वाकलं की तुटतं आणि जोडायला माणूस बोलवावा लागतो. ओएनटी, म्हणजे फायबरचा डबा, दाराजवळच राहू द्या आणि तिथून कामाच्या खोलीपर्यंत कॅट6 केबल न्या. टीव्हीची जुनी केबल ज्या पाइपातून जाते तो पाइप सहसा हॉलपासून बेडरूमपर्यंत असतो. जुन्या केबलच्या टोकाला नवी बांधून पलीकडून ओढली की ती निघून येते. मिवानच्या भिंतीत नवी खाच पाडायच्या फंदात पडू नका. आत सळया आहेत, आणि सोसायटीही परवानगी देणार नाही. पाइप मोकळा नसेल तर स्कर्टिंगच्या वरून पट्टीच्या केसिंगमधून न्या.

सावधान: विजेच्या तारा असलेल्या पाइपातून नेटवर्कची केबल ओढू नका. आणि पाइपात हात घालण्यापूर्वी मेन स्विच बंद.

केबल पोचली की राउटर टेबलाच्या उंचीवर किंवा त्याहून वर, उघड्यावर ठेवा. टीव्हीच्या मागे नको, कपाटात नको. दोन खोल्यांत वेग हवा असेल तर राउटरपासून दुसऱ्या खोलीत आणखी एक केबल न्या आणि तिच्या टोकाला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तिथे वाय-फाय देणारा डबा, लावा. मेश संच, म्हणजे मिळून एकच नेटवर्क चालवणारे दोन-तीन डबे, बिनतारी जोडून "6 गिगाहर्ट्झ बॅकहॉल"च्या, म्हणजे डब्या-डब्यांमधल्या दुव्याच्या, भरवशावर ठेवला आणि दोन डब्यांमध्ये काँक्रीट असलं, की मेश गुपचूप 5 वर उतरतो आणि वेग निम्मा होतो. दोन डबे एकमेकांना दिसत असतील, म्हणजे लांबलचक हॉल किंवा उघडा पॅसेज असेल, तर मात्र हा बँड बॅकहॉलसाठी छान आहे.

## टप्पा 4: राउटर लावताना

### देश

भारतात ह्या बँडचा खालचा भाग, 5925 ते 6425 मेगाहर्ट्झ, परवानामुक्त करण्याचा मसुदा दूरसंचार विभागाने मे 2025 मध्ये काढला आणि जानेवारी 2026 मध्ये तो नियम म्हणून लागू केला. घराच्या आत कमी ताकदीचा वापर, कमाल 30 डीबीएम म्हणजे 1 वॅट, आणि बाहेर अगदीच कमी ताकदीचा, 14 डीबीएम म्हणजे जेमतेम 25 मिलिवॅट, अशी ती विभागणी. गच्चीवर किंवा सोसायटीच्या बागेत डबा लावून हा बँड पसरवायचा बेत त्यामुळे बाद. अमेरिकेने 2020 मध्ये 5925 ते 7125 असा पूर्ण 1200 मेगाहर्ट्झचा पट्टा खुला केला होता. आपला पट्टा 500 चा आहे.

ह्यातून दोन अडचणी येतात. त्याआधी इथे विकलेल्या बऱ्याच राउटर-मोबाइलमध्ये हा बँड सॉफ्टवेअरने बंद ठेवलेला होता. फर्मवेअर अपडेट येईपर्यंत तो उघडत नाही. म्हणून राउटर, फोन, लॅपटॉपचं वाय-फाय ड्रायव्हर, तिन्ही अपडेट करून मगच पुढे जा. दुसरी अडचण अमेरिकेतून मेव्हण्याने आणलेल्या राउटरची. तो बहुधा तिथल्याच नियमांना बांधलेला असतो, देश बदलायचा पर्यायच दाखवत नाही, आणि आपोआप चॅनल निवडताना आपल्या पट्ट्याबाहेर जाऊन बसतो. इथला फोन त्या चॅनलकडे बघतही नाही. मग "फोनला 6 दिसत नाही" अशी तक्रार येते.

सावधान: बँड दिसावा म्हणून राउटरवर देश United States करून ठेवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तसं करू नका. ते नियमाबाहेर आहे, आणि 6425 च्या वरच्या भागात इथे इतर सेवा चालतात.

### सुरक्षा

6 गिगाहर्ट्झवर WPA2 ही जुनी सुरक्षापद्धत चालतच नाही. WPA3 सक्तीचं आहे. सगळ्यात जास्त माणसं इथे अडखळतात. जुना टीव्ही आणि स्मार्ट प्लग चालावेत म्हणून राउटरवर सगळ्या बँडना मिळून WPA2 किंवा WPA2/WPA3 मिश्र ठेवलेलं असतं, आणि 6 चा बँड एकतर चालूच होत नाही किंवा राउटर मुकाट्याने त्याला वेगळं वागवतो. शक्य असेल तिथे बँडनिहाय सुरक्षा ठरवा: 2.4 आणि 5 वर `WPA2/WPA3-Personal`, 6 वर `WPA3-Personal`. जुन्या बल्ब-प्लगसाठी 2.4 चं वेगळं गेस्ट नेटवर्क काढलंत तर भांडणच मिटतं.

### नाव

चाचणीपुरतं 6 ला वेगळं नाव द्या, उदाहरणार्थ `Ghar-6G`. नाहीतर फोन 5 वर बसलाय की 6 वर ते कळणार नाही आणि मोजमाप वाया जाईल. चाचणी झाली की तिन्ही बँडना पुन्हा एकच नाव द्या. फोन 6 चं नेटवर्क बहुतेक वेळा 2.4 किंवा 5 च्या संदेशातून मिळालेल्या पत्त्यावरूनच शोधतो, त्यामुळे नाव वेगळं ठेवल्यास शोधायला वेळ लागतो, आणि आयफोन तर त्या नेटवर्कखाली "Limited Compatibility" असं लिहून दाखवतो. तो दोष नाही, नावाबद्दलची सूचना आहे.

### चॅनल आणि रुंदी

आपल्या पट्ट्यात 20 मेगाहर्ट्झचे 24 चॅनल बसतात, क्रमांक 1 ते 93. रुंद करत गेलं तर 160 चे तीन आणि 320 चा एकच. म्हणजे 320 लावलंत आणि शेजाऱ्यानेही लावलं, की दोघं एकाच रस्त्यावर.

रुंदीचा दुसरा तोटा कमी लोकांना माहीत असतो. रुंदी दुप्पट केली की गोंगाटही दुप्पट आत येतो, म्हणजे 3 डीबीचं नुकसान. 80 वरून 320 वर गेलात तर 6 डीबी घालवले. राउटरच्या समोर बसलेल्याला त्याने फरक पडत नाही, पण भिंतीपलीकडच्याची तेवढीच पोच कमी होते. "6 भिंतीतून जात नाही" ह्या तक्रारीतला चांगला मोठा भाग रुंदीचा असतो.

म्हणून सुरुवात 160 वर करा. मुख्य चॅनल 5, 21, 37, 53, 69 किंवा 85 यांपैकी ठेवा. फोन आधी ह्याच चॅनलांवर शोध घेतात, इतरांवर उशिरा किंवा घेतच नाहीत.

तपासा: राउटर रीस्टार्ट करून पाच मिनिटांनी त्याच्या पानावर 6 GHz चा चॅनल क्रमांक बघा. 93 च्या वरचा असेल तर देशाची सेटिंग चुकली आहे.

## टप्पा 5: मोजा, पण स्पीड टेस्टने नाही

स्पीड टेस्ट तुमचा प्लॅन मोजते. वाय-फाय मोजायचं तर घरातल्या घरात मोजावं लागतं. एक कॉम्प्युटर केबलने राउटरला जोडा, दुसरा लॅपटॉप 6 वर. दोन्हींवर iperf3 हा वेग मोजणारा प्रोग्राम टाका. केबलवाल्यावर:

```
iperf3 -s
```

लॅपटॉपवर, केबलवाल्याचा आयपी पत्ता घालून:

```
iperf3 -c 192.168.1.10 -P 4 -t 30 -R
```

आणि जोडणी खरंच 6 वर आहे ना, हे विंडोज 11 मध्ये असं कळतं:

```
netsh wlan show interfaces
```

`Band` समोर 6 GHz हवं. विंडोज 11 च्या नव्या आवृत्तीत लोकेशन बंद असेल तर ही आज्ञा नकार देते. लोकेशन चालू करून पुन्हा द्या. मॅकवर ऑप्शन कळ दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की चॅनल, RSSI म्हणजे सिग्नलची ताकद आणि Noise म्हणजे गोंगाट एकत्र दिसतात.

RSSI हा उणे आकडा असतो, आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे 60 पर्यंत 6 गिगाहर्ट्झ मजेत चालतं. उणे 70 च्या खाली ते 5 ला हरवत नाही.

सावधान: केबलवाल्या कॉम्प्युटरचं किंवा राउटरचं पोर्ट 1 गिगाबिटचं असेल तर आकडा 940 च्या आसपास अडकेल. तो पोर्टचा आहे, वाय-फायचा नाही. 2.5 गिगाबिट पोर्ट असेल तरच खरा वेग दिसेल.

### एका घराचे आकडे

आमच्याच बिल्डिंगमधला मिवानचा 2 बीएचके. नवरा-बायको दोघंही घरून काम करतात, प्लॅन 300 चा, राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला. तक्रार मागच्या बेडरूमची: दुपारी व्हिडिओ कॉल अडकतो. दुकानदाराने ट्राय-बँड वाय-फाय 7 गळ्यात मारला होता. लॅपटॉप 6ईचा. 6 गिगाहर्ट्झ 160 वर, 5 गिगाहर्ट्झ 80 वर ठेवून तिन्ही जागी मोजलं.

हॉलमध्ये, तीन मीटरवर: 6 वर उणे 46, वेग 1500 च्या पुढे. 5 वर 760. इथे फरक दुपटीचा, यात शंका नाही. पण इंटरनेटची स्पीड टेस्ट दोन्हीवर 290.

पहिल्या बेडरूममध्ये, एका काँक्रीटच्या भिंतीपलीकडे: 6 वर उणे 70 आणि वेग 260. 5 वर उणे 65 आणि 390. म्हणजे महागडा बँड मागे पडला. 6 ची रुंदी 80 केली तर 280 झाला, तरी मागेच.

मागच्या बेडरूममध्ये, दोन भिंतींपलीकडे: 6 गायब. 5 कधी जोडलं जाई, कधी सुटे, उणे 82 वर. 2.4 मात्र उणे 66 वर ठाम. त्यांचा लॅपटॉप 5 आणि 2.4 मध्ये ये-जा करत होता, आणि प्रत्येक उडीला कॉल अडकत होता.

उपाय 6 गिगाहर्ट्झ नव्हताच. टीव्हीच्या पाइपातून कॅट6 मागच्या खोलीत नेली आणि त्यांचा जुना राउटर तिथे ॲक्सेस पॉइंट म्हणून लावला. केबल आणि दोन जॅक, एवढाच खर्च. "मग हा नवा कशाला घेतला मी?" असं त्या घरातले काका म्हणाले. मी गप्प बसलो. पण मुलगा सुट्टीत आला, त्याचा व्हीआर हेडसेट हॉलमधल्या 6 वर जोडला, आणि राउटरला निदान एक गिऱ्हाईक मिळालं.

## टप्पा 6: कोणी ठेवावा, कोणी परत करावा

दुकानाची परत करण्याची मुदत संपायच्या आत हा टप्पा करा.

खरा फायदा होतो तो राउटरच्या खोलीतच बसून जड फाइली हलवणाऱ्यांना. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा, ज्याच्या शंभर-दोनशे जीबीच्या फाइली घरातल्या एनएएसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यावर, असतात, त्याला तासाचं काम अर्ध्या तासावर येतं; मात्र एनएएस आणि राउटर दोन्हींना 2.5 गिगाबिट पोर्ट हवा. कॉम्प्युटरवरून बिनतारी व्हीआर खेळणाऱ्यालाही हवा, कारण तिथे वेगापेक्षा सलगपणा महत्त्वाचा आणि ह्या बँडवर जुनी उपकरणं लुडबुड करत नाहीत.

तिसरा गट अनपेक्षित आहे: दाटीच्या बिल्डिंगमध्ये राहणारे. मोबाइलमध्ये वाय-फाय ॲनालायझर उघडलात आणि 5 गिगाहर्ट्झवर वीस-पंचवीस नेटवर्कं एकमेकांवर चढलेली दिसली, तर 6 ची रिकामी जागा कामाची आहे. इथे भिंतीतून न जाणं हाच गुण ठरतो, शेजाऱ्याचं 6 तुमच्याकडे येत नाही. शिवाय 5 च्या काही चॅनलवर रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनल सोडावा लागतो आणि नव्या चॅनलवर मिनिटभर नुसतं ऐकत थांबावं लागू शकतं. विमानतळाजवळ राहणाऱ्यांना हा ताप ठाऊक असेल. 6 वर ती भानगड नाही. हा फायदा 100 च्या प्लॅनवाल्यालाही मिळतो, फक्त त्याच खोलीत.

बाकीच्यांनी, म्हणजे ज्यांची तक्रार "आतल्या खोलीत रेंज नाही" अशी आहे त्यांनी, परत करावा. त्याच पैशांत केबल आणि दोन साधे वाय-फाय 6 चे ॲक्सेस पॉइंट येतात.

ठेवणार असाल तर शेवटचं एक काम. चाचणीचं वेगळं नाव काढून तिन्ही बँड एका नावाखाली आणा, दोन दिवस नेहमीसारखं वापरा आणि मग राउटरच्या यादीत बघा, कुठलं उपकरण कुठल्या बँडवर बसलंय. टेबलावरचा लॅपटॉप 5 वर रेंगाळत असेल तर विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर, वाय-फाय कार्ड, `Advanced` मध्ये `Preferred Band` 6 GHz करा. आतल्या खोलीतला फोन 6 ला चिकटून उणे 75 वर रडत असेल तर त्याचं उलट: राउटरच्या 6 ची ताकद एक पायरी उतरवा, म्हणजे फोन वेळेवर 5 वर जाईल.